डाव्या छातीवरची ओल

कुरिअरच्या त्या डेपोत सगळे त्याला फौजदार म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नाही. पार्सल हातात आलं की तो आधी त्याचं सील बघायचा, मग ज्यानं दिलं त्याचं तोंड बघायचा आणि मग पुन्हा सील बघायचा. घरी बायकोनं चहात साखर जरा जास्त घातली तरी हा विचारणार, "आज काय विशेष?" माणूस वाईट नव्हता. कामाला चोख, वेळेला पक्का, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त त्याच्या मनात पाल चुकचुकायला काही कारण लागत नसे, एवढंच.

पावसाळा सुरू व्हायच्या आधी डेपोच्या इन्चार्ज मॅडमनी नवा रेनसूट चाचणीसाठी त्याच्याच हातात ठेवला तो याच गुणामुळे. सूट दोन भागांचा होता, वेगळं जॅकेट आणि वेगळी पॅन्ट. एका लहानशा शिवणकारखान्यानं तो नमुना म्हणून दिला होता. चांगला निघाला तर पुढच्या वर्षी डेपोतल्या चाळीस रायडरना तोच मिळणार होता.

"अख्खा पावसाळा वापरा आणि शेवटी अभिप्राय लिहून द्या," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला म्हणून देतेय. तुम्हाला जे पटेल ते कुणालाही पटेल."

फौजदारानं सूट उलटा केला, शिवणी बघितल्या आणि विचारलं, "फुकट का दिलाय त्यांनी?"

"नमुना आहे म्हणून."

"हं," फौजदार म्हणाला. त्या एका हुंकारात तो पुष्कळ काही म्हणत असे.

सूट आपल्याला मिळावा अशी इच्छा आणखी एकाची होती. तो मामा. मामा कुणाचाही मामा नव्हता, पण अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी हाक मारली आणि ती चिकटली. फौजदार आणि मामा एकाच आठवड्यात कामाला लागले होते. त्यांच्या खुंट्या शेजारी शेजारी होत्या, चौदा नंबर फौजदाराची आणि पंधरा मामाची. मामा भोळसट, बडबड्या, आणि सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा. त्यानं सूटच्या कापडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मजा आहे बाबा तुझी. आम्ही आपले त्याच फाटक्या रेनकोटात भिजणार."

हे वाक्य फौजदारानं लक्षात ठेवलं. तो अशी वाक्यं लक्षात ठेवायचा.

*

पावसाचे पहिले तीन आठवडे फौजदारानं त्या सूटला नावं ठेवायचा आटोकाट प्रयत्न केला. गाडीच्या पेट्रोलच्या पावत्या जपायची एक छोटी वही त्याच्याकडे होती, तिच्याच मागच्या पानांवर तो नोंदी करू लागला. बाइकवर बसलं की पाणी मांडीत साचतं आणि तिथून जांघेत उतरतं. सगळ्या रेनसूटांचं मरण तिथेच असतं, कारण तिथे चार शिवणी एकत्र येतात. या पॅन्टला त्या जागी आतून टेप तर होतीच, वर टेपचंच एक गोल ठिगळही चिकटवलेलं होतं. आठवडाभर त्यानं वाट पाहिली. थेंबही आत आला नाही. त्याला जरा वाईटच वाटलं.

बाकी दोष मात्र त्याला सापडले. कंबरेचं इलॅस्टिक सैल पडत होतं. पायाशी चेन लहान होती, त्यामुळे बूट घालून पॅन्ट चढवायची म्हणजे रस्त्याच्या कडेला एका पायावर नाचावं लागे, आणि तोवर पाऊस थांबायचा. हुड हेल्मेटखाली मावत नव्हता. आत घाम येई तो आतच राही. उजव्या पायाचा काठ सायलेन्सरला चिकटून थोडा जळाला. पण तो आपला दोष आहे, सूटचा नाही, हे त्यानं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. पॅन्ट बुटाच्या आत खोचली तर बूट पाण्यानं भरतो, बाहेर ठेवली तर नाही, हेही लिहिलं. मोठमोठ्या इमारतींच्या गेटवर वॉचमन ओळखपत्र बघितल्याशिवाय आत सोडत नाहीत आणि जॅकेट काढून दाखवायला लावतात, म्हणून बॅज बाहेरच्या बाजूला लावावा लागतो, अशीही एक तक्रार त्यानं वॉचमन लोकांविरुद्ध नोंदवली. तिचा रेनसूटशी काय संबंध, ते त्याचं त्यालाच माहीत.

चौथ्या आठवड्यात त्याची सुट्टी होती. आदल्या दिवशी मामा म्हणाला, "उद्या तुझा सूट घालून बघू का रे? एक दिवस. उद्या सगळी लांबची टोकं आहेत माझ्याकडे."

नाही म्हणायला काही कारण सापडेना, म्हणून फौजदारानं हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामानं सूट घरी नेला, स्वच्छ पाण्यानं धुतला, सावलीत वाळवला आणि घडी घालून परत आणून दिला. फौजदारानं घडी उलगडून चारी बाजूंनी बघितलं. मामा हसून म्हणाला, "मोजून घे, दोन्ही बाह्या आहेत."

आणि त्याच आठवड्यात डाव्या छातीवर ओल आली.

आधी त्याला घाम वाटला. पण घाम काही वाटीएवढ्या जागेत येत नाही. रोज पाऊस संपला की शर्टाच्या डाव्या खिशाच्या वर एक ओला डाग दिसायचा, आणि तो दर आठवड्याला मोठा होत गेला.

मग ते लिफाफ्याचं प्रकरण झालं. रुग्णालयात काम करणाऱ्या एका नर्सबाईंची मूळ प्रमाणपत्रं होती. पाऊस असा कोसळत होता की पाठीवरच्या बॅगेचा फौजदाराला भरवसा वाटेना. तसा त्याला कशाचाच वाटत नसे. नियम असा की प्रत्येक पार्सल बॅगेतच राहिलं पाहिजे. त्यानं लिफाफा जॅकेटच्या आत, डाव्या बाजूला, छातीशी ठेवला. पोहोचेपर्यंत लिफाफा भिजला होता आणि आतल्या कागदावरची सही पसरली होती. बाई रडकुंडीला आल्या. ऑफिसात तक्रार गेली आणि फौजदाराला अकरा वर्षांतला पहिला मेमो मिळाला.

तो मेमो त्याच्या जिव्हारी लागला. आपलं नाव खराब झालं, आणि तेही आपली चूक नसताना, असं तो घरात शंभरदा म्हणाला. बायकोनं ऐकून घेतलं. तिनं लिफाफा बॅगेत का नाही ठेवला असं विचारलं नाही, कारण ती शहाणी होती.

*

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यानं जॅकेट खिडकीशी धरलं आणि उजेडासमोर ताणलं. डाव्या छातीवर, चमकत्या पट्टीच्या जरा खाली, उजेडाचे बारीक बारीक ठिपके दिसले. चार-पाच ठिपक्यांची एक ओळ आणि तिच्याखाली बोटभर अंतरावर दुसरी. तिथे शिवण नव्हती, खिसाही नव्हता. नुसतं सपाट कापड होतं, आणि त्याला टाचून काढावं तशी भोकं होती.

"सुई," फौजदार म्हणाला.

"कसली सुई?" बायको आतून म्हणाली.

"मशीनची. दोरा न घालता मारलीय."

एकदा ही सुई डोक्यात शिरली आणि बाकी सगळं आपोआप जागच्या जागी बसत गेलं. मामाची बायको, म्हणजे मामी, घरी शिवणकाम करायची. तिच्याकडे मशीन होतं. मामाला सूट हवा होता आणि मिळाला नव्हता. सूट एकच दिवस दुसऱ्याच्या घरी गेला होता, आणि तो मामाच्या. त्यानंतरच ओल आली. शिवाय धुऊन का आणला? कुणी मागितलं होतं धुवायला? वापरलेली वस्तू माणूस न सांगता धुऊन देतो तेव्हा त्याला काहीतरी झाकायचं असतं, असा फौजदाराचा अनुभव होता. हा अनुभव त्याला कधी आला होता, ते विचारायचं नाही.

त्यानंतरचे दोन महिने त्यानं मामावर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. मामा हसला तरी संशय, गप्प बसला तरी संशय. एकदा मामा खुंट्यांजवळ एकटा उभा होता, तर याला पाहून त्यानं हात खिशात घातले. एकदा मामानं विचारलं, "सूट कसा चाललाय रे?" म्हणजे बघा! चोरी पचली का, ते विचारतोय! फौजदार तुटक म्हणाला, "चाललाय." मामा जरा बावरला आणि पुढे गेला. हळूहळू दोघं दुपारी एकत्र डबा खायचे ते बंद झालं. मामानं दोन-तीनदा हाक मारली, मग तोही मारेनासा झाला. पण तोंडावर काही विचारावं असं फौजदाराला एकदाही वाटलं नाही. विचारलं की मामा सावध होईल, हा त्याचा हिशोब.

पावसाळा सरला तेव्हा त्यानं छापील फॉर्म भरायला घेतला. तीन दुपारी त्यावर घालवल्या. अक्षर मुळात सुरेख होतं.

"पॅन्ट," त्यानं लिहिलं, "संपूर्ण मोसमात जांघेतून किंवा गुडघ्यातून पाणी आत आले नाही. चार शिवणी मिळतात तिथले ठिगळ शेवटपर्यंत टिकले. कंबरेचे इलॅस्टिक बदलावे. पायाची चेन गुडघ्यापर्यंत असावी, म्हणजे बूट न काढता घालता येईल. जॅकेट: खांदे, बाह्या, मान कोरडी. हुड निरुपयोगी. पुढची चेन झाकणारी पट्टी चांगली. वाळवताना उन्हात घालू नये. दोष आढळल्यास त्याचे कारण: डाव्या छातीवरून पाणी आत येते. हा सूटचा दोष नाही. जॅकेटला जाणूनबुजून सुईने भोके पाडण्यात आली आहेत. मोसमाच्या चौथ्या आठवड्यात सूट एक दिवस खुंटी क्रमांक पंधराच्या रायडरच्या घरी होता. त्यांच्या घरी शिवणयंत्र आहे. त्यांना हा सूट हवा होता. लिफाफा भिजण्याचे कारणही हेच आहे. मला दिलेला मेमो मागे घ्यावा."

खाली तारीख, सही, आणि सहीखाली रेघ.

मॅडमनी तो दोनदा वाचला. मग मामाला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, त्यामुळे फौजदाराला बाहेरून सगळं ऐकू आलं.

"तुम्ही काही केलंत का याला?" मॅडमनी विचारलं.

"धुतला फक्त," मामा म्हणाला.

"मग भोकं कशी पडली?"

"भोकं?" कागद उलटल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाला, "हे त्यानं लिहिलंय? स्वतः?"

"चौकशी होईपर्यंत तुम्ही येऊ नका," मॅडम म्हणाल्या. "सिद्ध झालं तर काम जाईल, हे आत्ताच सांगून ठेवते. ऑफिसच्या वस्तूचं नुकसान आहे हे."

मामा बाहेर आला. त्याला मोठ्यानं बोलायची सवय होती, पण आज तो काही बोलला नाही. त्यानं पंधरा नंबरच्या खुंटीवरून आपला फाटका रेनकोट काढला, हातावर टाकला आणि फौजदारासमोरून निघून गेला. फौजदारानं त्याच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. अपराधी माणूस असाच गप्प जातो, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण त्या दिवशी त्याचे दोन पत्ते चुकले.

*

चौथ्या दिवशी शिवणकारखान्याची मालकीण डेपोत आली. ठेंगणी, गोलसर, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. सगळे तिला ताई म्हणत. मॅडमनी तिला अभिप्राय पाठवला होता.

"मला ते जॅकेट दाखवा," ती म्हणाली. "सुईनं पाडलेली भोकं म्हणे. मी पंचवीस वर्षं सुई चालवतेय, मला बघू तरी द्या."

फौजदारानं जॅकेट आणलं. पण मनात म्हणाला, ही तरी कशावरून सरळ असेल? आपला माल चांगला म्हणायला आली असेल.

"एक टब आणि तांब्याभर पाणी," ताई म्हणाल्या.

डेपोच्या मागे गाड्या धुवायची जागा होती तिथे तिघं गेले. ताईंनी जॅकेटचा छातीचा भाग टबावर पसरला, मधोमध खोलगट केला, बाहेरची बाजू वर ठेवली आणि त्या खळग्यात पाणी ओतलं. मग नुसत्या बसून राहिल्या. फौजदारानं घड्याळ पाहिलं. मॅडमचा फोन वाजला, त्या दोन पावलं लांब गेल्या. चार-पाच मिनिटांनी कापडाखाली पहिला थेंब धरला, मग दुसरा. हळूहळू थेंबांच्या दोन ओळी लटकू लागल्या. ताईंनी पाणी ओतून टाकलं, जॅकेट उलटं केलं, आणि प्रत्येक थेंबाच्या जागी खडूनं खूण केली.

"ही सुई नव्हे," त्या म्हणाल्या.

"कशावरून?" फौजदार म्हणाला.

"इकडे या. हात लावून बघा. ही वरची ओळ, कापड बाहेरून आत दबलंय. लागतंय हाताला? आता खालची ओळ. तीही बाहेरून आत. बरोबर?"

"बरोबर."

"आता ही दोन्हीच्या मधे मोडल्याची खूण बघा. कापड इथे घडी घालून धरलं होतं. घडी घातलेल्या कापडातून सुई घातली असती तर एका ओळीत ती बाहेरून आत गेली असती आणि दुसऱ्या ओळीत आतून बाहेर आली असती. तसं झालेलं नाही. दोन्हीकडून बाहेरूनच दाबलंय." त्यांनी त्या खुणेवर कापड चिमटीत धरलं. दोन्ही ओळी एकमेकींवर आल्या. "आणि बघा, भोकं समोरासमोर नाहीत, एकाआड एक आहेत. दातात दात बसतात तशी. आणि एकदा नाही हो, पुन्हा पुन्हा. शंभर वेळा तरी. कसला तरी चिमटा आहे हा, दात असलेला. रोज लावलाय कुणीतरी."

मॅडम फोन ठेवून परत आल्या. "चिमटा? शिवणकाम करणाऱ्या बायका कापडाला चिमटे लावतात की. मामांच्या घरी असतीलच."

"ते बिनदाताचे असतात," ताई म्हणाल्या, "पण काय सांगावं."

ताईंच्या चिमटीकडे बघता बघता फौजदाराचा हात आपसूक स्वतःच्या छातीवर गेला होता. तिथे बॅज होता. स्टीलच्या क्लिपनं शर्टाचं कापड चिमटीत धरून लावलेला, अकरा वर्षांची सवय, डाव्या खिशाच्या वर. जॅकेट काढताना तो आधी बॅज काढून शर्टाला लावायचा, चढवताना शर्टावरून जॅकेटला. त्याच जागी. रोज. त्यानं क्लिपच्या आत अंगठा घातला. दात बारीक होते आणि टोकदार होते.

बाकी रायडरसुद्धा अशीच क्लिप लावायचे. पण त्यांचे जुने रेनकोट सगळीकडूनच गळायचे, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. अख्ख्या डेपोत एकाच माणसाकडे न गळणारं जॅकेट होतं, आणि भोकं शोधायची सवयही त्याच एकाला होती.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही," फौजदार म्हणाला आणि त्यानं हात खाली घेतला.

*

हे त्यानं खोटं सांगितलं, आणि ते दिवसभर त्याच्या मानगुटीवर बसलं होतं. त्या दोघींना काही कळलेलं नव्हतं. मॅडम मामीच्या चिमट्यांपर्यंत पोहोचल्याच होत्या. नुसतं गप्प राहिलं की मेमो मागे जाणार, नाव स्वच्छ होणार. आणि मामाचं काम जाणार. पन्नाशीला आलेल्या रायडरला दुसरीकडे कोण घेतं?

घरी आल्यावर त्यानं जॅकेट मांडीवर घेतलं. आतल्या खिशाच्या कोऱ्या कापडाला क्लिप लावली, काढली, पुन्हा लावली. वीसेक वेळा. मग उजेडासमोर धरलं. बायको भाजी निवडत बघत होती.

"हेच ते?" तिनं विचारलं.

त्यानं नवी भोकं तिला दाखवली आणि म्हणाला, "मला वाटलंच नाही गं की आपणही असू शकतो."

"मामांना तू एकदा तरी विचारलं होतंस?"

"नाही."

"अकरा वर्षांत एकदाही तुझं काही गेलं होतं का त्यांच्याकडून?"

"नाही."

"मग?"

तो खजील होऊन बसला, आणि खरं सांगायचं तर तो रडला. मोठ्यानं नाही, पण रडला. बायकोनं भाजी बाजूला सारली आणि कोरा कागद आणून त्याच्यापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाड्या निघायच्या आधी, त्यानं मॅडमच्या टेबलावर दुसरा अभिप्राय ठेवला. अक्षर यावेळी वेडंवाकडं होतं.

"आधीचा अभिप्राय रद्द समजावा. सूटबद्दल जे लिहिले ते खरे आहे. माणसाबद्दल लिहिले ते खोटे आहे. भोके माझ्या बॅजच्या क्लिपने पडली, मी रोज जॅकेटला तीच क्लिप त्याच जागी लावत होतो. करून पाहिले आहे, पुरावा आतल्या खिशावर आहे. सर्व रायडरना बॅजसाठी गळ्यात घालायची दोरी द्यावी किंवा जॅकेटवर शिवलेली पट्टी असावी. सूट चांगला आहे, घ्यावा. नर्सबाईंचा लिफाफा मी नियम मोडून जॅकेटमध्ये ठेवला होता. बॅगेत ठेवला असता तर भिजला नसता. मेमो बरोबर आहे. खुंटी क्रमांक पंधराचे रायडर यांनी सूट एक दिवस वापरला आणि धुऊन परत दिला. त्यांनी दुसरे काही केले नाही. हे मी त्यांना आधी विचारायला हवे होते."

मॅडमनी वाचला. "काल कळलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "टबापाशी."

"हो."

"खोट्या तक्रारीचा दुसरा मेमो होईल. तिसऱ्याला घरी बसावं लागतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मामांना मी फोन करते."

"नको," फौजदार म्हणाला. "मी जातो."

मामाच्या घरी मामीचं मशीन चालू होतं. त्याला दारात बघून ते थांबलं. मामा आतून बाहेर आला, दाढी वाढलेली. फौजदारानं उभ्या उभ्याच कागद वाचून दाखवला. मामानं शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाला, "बरं झालं. सुटलो." आणि मामीला म्हणाला, "चहा टाक."

"मला माफ कर, मामा."

"अरे, होतं," मामा म्हणाला. "बस."

फौजदार बसला. चहा झाला. मामी त्याच्यासमोर कप ठेवून लगेच आत गेली आणि मशीन पुन्हा सुरू झालं. निघताना मामानं त्याच्या पाठीवर थापही मारली. परतताना फौजदाराला इतकं हलकं वाटत होतं की त्यानं गाडीवर चक्क शीळ घातली. संपलं, असं त्याला वाटलं.

मामा दुसऱ्या दिवशी कामावर आला. हसला, बोलला, सगळ्यांची विचारपूस केली. दोरीतले नवे बॅज आले तेव्हा पहिला बॅज त्यानंच गळ्यात घातला आणि, "आता माझी गळ्यातली घंटा बघा," म्हणून सगळ्यांना हसवलं. फौजदारही हसला.

मग एके दिवशी दुपारी एक अवकाळी सर आली. भिजलेले रायडर एकेक करून आत येत होते, कपडे टांगत होते. फौजदार सीलच्या टेबलापाशी उभा होता. चौदा नंबरच्या खुंटीवरून त्याचं जॅकेट निसटलं आणि खाली चिखलाच्या पाण्यात पडलं. मामा तेव्हा बरोबर शेजारीच होता, पंधरापाशी. जॅकेट त्याच्या पायाजवळ पडलं होतं. दुसरं कुणी असतं तर सहज वाकून उचललं असतं.

मामा वाकला नाही. त्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले, एक पाऊल मागे सरला आणि आवकजावक लिहिणाऱ्या कारकुनाला हाक मारली, "जरा इकडे येता का? यांचं जॅकेट पडलंय. मी उचलतोय, तुम्ही बघा."

तो थट्टा करत नव्हता. फौजदारानं अकरा वर्षं त्याचं तोंड बघितलं होतं, थट्टा असती तर त्याला कळली असती. कारकून काहीतरी लिहीत होता, त्याला यायला वेळ लागला. तोवर मामा तसाच उभा राहिला, हात पाठीशी धरून, आणि जॅकेट पाण्यात पडून राहिलं.